चंद्राचे स्टॅकिंग: किती फ्रेम ठेवायच्या?

दुर्बिणीतून चंद्राच्या विवरांचा व्हिडिओ घेताना शटर १/१०० सेकंद किंवा त्याहून जलद ठेवा, म्हणजे हवेच्या थरथरीने फ्रेम पुसट होत नाहीत. उजळ भाग पांढरा फटक होऊ देऊ नका. गेलेला तपशील स्टॅकिंगने, म्हणजे अनेक फ्रेम एकत्र करून, परत येत नाही.

समजा २००० फ्रेम मिळाल्या. AutoStakkert हे स्टॅकिंगचे सॉफ्टवेअर त्यांना स्पष्टतेनुसार क्रम लावते. नॉइज, म्हणजे चित्रातला दाणेदारपणा, फ्रेमसंख्येच्या वर्गमुळाच्या पटीत घटतो: १०० फ्रेमना दहापट, ४०० ला वीसपट. म्हणजे चौपट फ्रेम घालून फायदा फक्त दुप्पट, आणि त्यात हवेने विस्कटलेल्या फ्रेमही शिरतात. म्हणून सर्वांत स्पष्ट १० टक्के आणि २५ टक्के फ्रेमचे असे दोन स्टॅक काढा आणि प्रकाश-सावलीच्या सीमेवरची लहान विवरे दोन्हींत ताडून पाहा. कडा सारख्याच दिसल्या तर २५ टक्क्यांचा घ्या, त्यात नॉइज कमी असतो. कडा मऊ पडल्या असतील तर १० टक्क्यांचाच बरा.

स्टॅक नुसता पाहिला तर मवाळच दिसतो, ते साहजिक आहे. खरा तपशील नंतर वेव्हलेट शार्पनिंगने, म्हणजे लहान-मोठा तपशील थराथराने ठळक करून, उघडतो. मात्र चंद्राच्या कडेला पांढरी दुहेरी रेघ उमटली की हात आखडता घ्या.