‘स्लॅब बदलला, पगारवाढ पाण्यात गेली’: कर दराच्या हिशेबातल्या या चुका टाळा

मार्च उजाडला की पुण्यातल्या प्रत्येक ऑफिसात एक वाक्य हमखास कानावर पडतं : “अरे, मी वीस टक्क्यांत गेलो.” जुलैमध्ये रिटर्न भरायला आमच्या कोथरूडच्या ऑफिसात येणारी निम्मी मंडळी हेच वाक्य बोलत आत शिरतात. त्यांचा समज असा, की पूर्ण पगाराचा पाचवा हिस्सा आता सरकारचा. तसं काही होत नाही. पण त्या समजापायी माणसं जे निर्णय घेतात, त्यांचं नुकसान मात्र खरं असतं.

हिशेबाला माझ्या भाचीचंच उदाहरण घेतो. ती हिंजवडीत नोकरी करते. आकडे सोयीसाठी थोडे गोल केले आहेत. आर्थिक वर्ष २०२५-२६, नवी करप्रणाली. जुना पगार वर्षाला १६,३५,००० रुपये. त्यातून ७५,००० रुपयांचं स्टँडर्ड डिडक्शन गेलं, की करपात्र उत्पन्न १५,६०,०००. ८०,००० रुपयांची वाढ मिळाली आणि करपात्र उत्पन्न १६,४०,००० झालं. सोळा लाखांच्या पुढे वीस टक्क्यांचा स्लॅब सुरू होतो, म्हणून तिचा फोन आला, “मामा, ही वाढ घेण्यात काही अर्थ आहे का?”

पहिली चूक : वरच्या स्लॅबचा दर सगळ्या उत्पन्नाला लावणे

स्लॅब म्हणजे महावितरणच्या बिलासारखा प्रकार. ३५० युनिट जळाले म्हणून पहिल्या १०० युनिटचा दर वाढत नाही, महाग दर लागतो तो फक्त वरच्या ५० युनिटना. भाचीचं उत्पन्न तसंच तुकड्यांत मोडू. पहिल्या चार लाखांवर शून्य. चार ते आठ लाख या तुकड्यावर ५ टक्के, म्हणजे २०,०००. आठ ते बारावर १० टक्के, म्हणजे ४०,०००. बारा ते सोळावर १५ टक्के, म्हणजे ६०,०००. राहिले वरचे ४०,००० रुपये. वीस टक्के लागतात ते फक्त त्यांना, म्हणजे ८,०००. बेरीज १,२८,०००, त्यावर ४ टक्के सेस ५,१२० आणि एकूण कर १,३३,१२०.

हाच हिशेब जुन्या पगाराचा केला तर कर येतो १,१८,५६०. म्हणजे ८०,००० च्या वाढीवर जादा कर १४,५६० आणि हातात ६५,४४० रुपये जास्त. वाढ नाकारायचा प्रश्नच येत नाही.

यात दोन वेगवेगळे दर लपलेले आहेत. एकूण कराला एकूण पगाराने भागलं, १,३३,१२० भागिले १७,१५,०००, तर ७.७६ टक्के येतात. हा सरासरी दर. आणि आता यापुढे आणखी एक रुपया कमावला तर त्यावर जाणारे २० टक्के अधिक सेस, म्हणजे २०.८ टक्के, हा सीमांत दर. आपण बोलताना त्यालाच मार्जिनल रेट म्हणतो. भाचीचा सीमांत दर १५.६ वरून एकदम २०.८ वर गेला, पण सरासरी दर ७.२५ वरून ७.७६ इतकाच सरकला. “मी वीस टक्क्यांत गेलो” हे वाक्य खरं आहे ते फक्त शेवटच्या रुपयापुरतं.

सरासरी दर काढताना काही जण करपात्र उत्पन्नाने भागतात, मग तो ८.१२ येतो. दोन्ही चालतात, फक्त दोन वर्षांची तुलना करताना एकदा हा आणि एकदा तो, असं करू नका. पगारातून कापला जाणारा प्रोफेशन टॅक्स या हिशेबात धरू नका, तो राज्याचा वेगळा कर आहे आणि नव्या प्रणालीत त्याची वजावटही मिळत नाही.

बोनसच्या महिन्यातली पे-स्लिप पाहून होणारा संतापही याच चुकीतला. लाखाचा बोनस आणि कापले २०,८००, म्हणजे “बोनसवर जास्त टॅक्स असतो” असा निष्कर्ष निघतो. बोनसला वेगळा दर नाही. तो पगाराच्या वर येऊन बसतो, म्हणून सगळ्यात वरच्या तुकड्यात पडतो.

दुसरी चूक : सरासरी दर कळला, की तोच सगळीकडे वापरणे

ही चूक हुशार लोक करतात. पहिली चूक समजली की माणूस निश्चिंत होतो, “माझा खरा टॅक्स पावणेआठ टक्केच आहे” असं म्हणतो आणि पुढचे सगळे निर्णय त्या आकड्यावर घेतो.

भाचीची आठ लाखांची एफडी आहे, ७ टक्क्यांनी. वर्षाचं व्याज ५६,०००. बँकेने १० टक्के टीडीएस कापला, ५,६००. तिचा हिशेब असा, की ७.७६ टक्क्यांनी कर होतो साधारण ४,३५०, बँकेने जास्त कापलाय, तर बाराशे-साडेबाराशे रिफंड येईल. प्रत्यक्षात हे व्याज १६,४०,००० च्या वर चढतं आणि पूर्णच्या पूर्ण वीस टक्क्यांच्या तुकड्यात पडतं. कर होतो ११,६४८. बँकेने कापलेले वजा करून ६,०४८ रुपये अजून भरायचेत. रिफंडची वाट पाहणाऱ्याला रिटर्नच्या शेवटच्या पानावर देणं दिसतं, आणि मग शिव्या पोर्टलला बसतात.

टीडीएसचा दर हा तुमचा कर दर नव्हे. बँक १० टक्के कापते ती आगाऊ रक्कम असते, तुमचा स्लॅब बँकेला ठाऊक नसतो. शिवाय एका बँकेतलं वर्षाचं व्याज ५०,००० च्या आत असेल तर २०२५-२६ मध्ये टीडीएस कापलाच जात नाही (ज्येष्ठ नागरिकांना ही मर्यादा एक लाख), म्हणून काहींना ते व्याज करमुक्तच वाटतं. तेही करपात्रच आहे आणि आयकर खात्याकडच्या तुमच्या वार्षिक माहितीपत्रकात, म्हणजे एआयएसमध्ये, दिसतं. सोपा उपाय असा, की हे व्याज कंपनीच्या पेरोलला आधीच कळवायचं. ते पगारातूनच जादा कर कापतात आणि जुलैत धक्का बसत नाही.

गुंतवणुकीची तुलनाही सीमांत दरानेच करायची. भाचीला ७ टक्क्यांची एफडी हातात देते ५.५४ टक्के. सरासरी दराने काढलं तर ६.४६ वाटतं. करमुक्त व्याजाच्या पीपीएफसमोर ती एफडी ठेवून पाहायची असेल, तर हा जवळपास एका टक्क्याचा फरक निर्णय फिरवू शकतो.

मग सरासरी दराचं काम काय? वर्षाचं घरखर्चाचं बजेट बसवणं, आणि दोन नोकऱ्यांच्या किंवा दोन करप्रणालींच्या एकूण कराची तुलना करणं. एवढंच.

तिसरी चूक : ‘वाढ घेतली तर तोटा’ हे कधीच खरं नसतं असं मानणे

जवळपास कधीच नसतं. पण बारा लाखांच्या उंबरठ्यावर असतं, आणि पुण्यात त्या उंबरठ्यावर बरेच जण उभे आहेत.

भोसरी एमआयडीसीतला एक सुपरवायझर धरू. पगार १२,७५,०००. स्टँडर्ड डिडक्शन गेलं की करपात्र बरोबर १२,००,०००. स्लॅबप्रमाणे कर ६०,०००, पण बारा लाखांपर्यंत तेवढाच रिबेट मिळतो, म्हणून कर शून्य. त्याला ६०,००० ची वाढ मिळाली. करपात्र १२,६०,०००, रिबेट गेला, आणि स्लॅबचा कर झाला ६९,०००. इथे कायदा मार्जिनल रिलीफ देतो : बारा लाखांच्या वर जेवढं उत्पन्न असेल, त्याहून जास्त कर घ्यायचा नाही. म्हणून कर ६०,०००. पण सेस त्याच्यावर लागतोच, २,४००. एकूण ६२,४००. वाढ साठ हजारांची आणि हातात येणारी रक्कम आधीपेक्षा २,४०० रुपयांनी कमी!

दर बघा. सरासरी ४.६७ टक्के, म्हणजे भाचीपेक्षाही कमी. सीमांत दर १०४ टक्के. एकाच माणसाचे हे दोन आकडे. यातला एकच पाहिला, तर काय चाललंय याचा पत्ता लागत नाही.

हा पट्टा करपात्र १२ लाखांपासून साधारण १२,७०,५८८ पर्यंत आहे, पगारात बोलायचं तर १२.७५ लाखांपासून साधारण १३.४५ लाखांपर्यंत. त्यापुढे सीमांत दर पुन्हा १५.६ वर येतो. वाढ नाकारणं तरीही मूर्खपणाच, कारण पुढच्या वर्षीची वाढ याच पायावर मोजली जाते. पण ती वाढ कोणत्या रूपात घ्यायची, हे एचआरशी बोलता येतं. कंपनीने त्यातले ६०,००० एनपीएसमध्ये स्वतःचा वाटा म्हणून भरले, तर बेसिक पगाराच्या १४ टक्क्यांपर्यंतची वजावट नव्या प्रणालीतही मिळते. बेसिक साडेपाच लाख असेल, तर मर्यादा ७७,०००. मग करपात्र उत्पन्न परत बारा लाख, कर शून्य, आणि पूर्ण साठ हजार त्याच्या एनपीएस खात्यात. पैसे निवृत्तीपर्यंत बहुतांशी अडकतात हे खरं, पण दुसऱ्या बाजूला उणे २,४०० आहेत. आपण स्वतः एनपीएसमध्ये भरलेल्या पैशांची वजावट मात्र नव्या प्रणालीत मिळत नाही. ही गल्लत फार होते.

आपला सीमांत दर स्वतः तपासायचा असेल तर

स्लॅबचा तक्ता पाहून अंदाज बांधू नका. बारा लाखांच्या पट्ट्यात तक्ता १५ टक्के दाखवतो, आणि प्रत्यक्षात लागतात १०४, हे आताच पाहिलं. आयकर खात्याच्या पोर्टलवर कॅल्क्युलेटर आहे. त्यात आपलं उत्पन्न भरून सेससकट येणारा कर लिहून ठेवा. मग उत्पन्नात १०,००० वाढवून पुन्हा काढा. दोन करांतल्या फरकाला १०,००० ने भागा आणि १०० ने गुणा, की टक्के मिळतात. भाचीच्या बाबतीत फरक येतो २,०८०, सुपरवायझरच्या बाबतीत १०,४००. तुमचा दर अधलामधला, म्हणजे १५.६ आणि २०.८ टक्क्यांच्या मध्ये आला, तर ते दहा हजार दोन स्लॅबच्या सीमेवर पडलेत असं समजा.

ही तपासणी पगार, व्याज, भाडं अशा स्लॅबने कर लागणाऱ्या उत्पन्नापुरतीच. शेअर किंवा इक्विटी फंड विकून झालेल्या नफ्याला स्वतःचे ठरलेले दर आहेत : वर्षाच्या आत विकले तर २० टक्के, त्यानंतर विकले तर सव्वा लाखाच्या वरच्या नफ्यावर साडेबारा टक्के. त्या नफ्यावरच्या कराला बारा लाखांचा रिबेटही लागू होत नाही. म्हणून पगार दहा लाखांच्या आत असूनही फंड विकणाऱ्याला कर भरावा लागू शकतो. त्याच्या पगारावर कर शून्य असला, तरी त्या नफ्याच्या रुपयाचा दर शून्य असेलच असं नाही.