लग्नाच्या एलईडी वॉलसाठी फोटो-व्हिडिओ किती पिक्सेलचे करावेत?

सांगलीत लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो, त्यामुळे सीझनमध्ये हा फोन ठरलेला: "दादा, वॉल बारा बाय आठ फुटांची आहे, व्हिडिओ फोर-केमध्येच द्या." फुटांवरून काहीच ठरत नाही. वॉलवर पिक्सेल किती आहेत, ते बघायचं.

म्हणून आधी वॉलवाल्याला दोन गोष्टी विचारा: पिच किती, आणि कॅबिनेट किती बाय किती लावणार? पिच म्हणजे शेजारच्या दोन पिक्सेलमधलं अंतर, मिलिमीटरमध्ये. कॅबिनेट म्हणजे ज्या चौकटी एकमेकींना जोडून वॉल उभी राहते त्या. भाड्याच्या वॉलमध्ये ३.९१ पिच बऱ्याचदा मिळतो. त्याच्या अर्ध्या मीटरच्या चौकोनी कॅबिनेटमध्ये १२८ बाय १२८ पिक्सेल असतात. मिरज रोडवरच्या एका कार्यालयात 'बारा बाय आठ' म्हणून आडवी ७ आणि उभी ५ कॅबिनेट लागली होती. म्हणजे वॉल झाली ८९६ बाय ६४० पिक्सेलची. मोबाईलवरचा साधा एचडी व्हिडिओसुद्धा १२८० बाय ७२० असतो! फोर-के तिथं वायाच जातं, वर जुना लॅपटॉप अडखळतो तो वेगळाच.

आता एडिटिंगचा प्रोजेक्टच ८९६ बाय ६४० चा उघडा. खरी गडबड आकारात होते. नेहमीचा आडवा व्हिडिओ या रुंदीत बसवला की उंची ५०४ भरते, वर-खाली काळ्या पट्ट्या राहतात. त्या दिसल्या की ऑपरेटर 'फुल' करतो आणि नवरा-नवरी सव्वापट लांबुळके होतात. पट्ट्या नको असतील तर व्हिडिओ मोठा करून दोन्ही बाजू कापा. पण प्रत्येक बाजूचा साधारण दहावा हिस्सा जातो. ग्रुप फोटोत कडेला मामा उभे असतील तर मी पट्ट्याच ठेवतो.

आयर्विन पुलावर मोबाईलनं काढलेले उभे फोटो एकेकटे लावू नका. ४४८ बाय ६४० चे दोन शेजारी ठेवले की वॉल बरोब्बर भरते. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून मागवायचे तर 'डॉक्युमेंट' म्हणून मागवा. पिक्सेल तसेही पुरले असते. पण साध्या पाठवणीत फोटो दाबला जातो आणि शालूच्या जरीत चौकोन दिसतात.

अक्षरं जाड घ्या, उंची किमान ४० पिक्सेल. बारीक फॉन्टमध्ये 'चि. सौ. कां.' मधला अनुस्वार पहिला गायब होतो. आणि १३ फुटांच्या आत उभं राहिलं तर दाणे दिसणारच. त्याला फाईल जबाबदार नाही.

पाहुणे यायच्या आधी एक चाचणी करा. ८९६ बाय ६४० च्या चित्रात मधोमध गोल आणि चारही कडांना पांढरी रेघ काढून वॉलवर लावा. गोल अंडाकृती दिसला तर चित्र ताणलं जातंय. एखादी रेघ दिसली नाही तर तेवढा भाग वॉलच्या बाहेर जातोय; वॉलला चित्र पुरवणाऱ्या प्रोसेसरचं सेटिंग ऑपरेटरकडून तिथंच बदलून घ्या.