वेलवेटचं ब्लाउज पहिल्यांदा शिवणाऱ्यांसाठी, माझ्या चुकांसकट

सांगलीत घरीच ब्लाउज शिवते. वेलवेटचं पहिलं ब्लाउज मरून रंगाचं होतं, कापड हरभट रोडवरून आणलेलं. घातल्यावर गिऱ्हाईक आरशात बघून म्हणाल्या, "ताई, एक बाही दुसऱ्या कापडाची लावलीय का ओ?" दोन्ही बाह्या एकाच तुकड्यातल्या, पण एक गडद आणि दुसरी फिकट, चकाकणारी.

झालं काय, तर बाहीसाठी आपण कापडाची चार पदरी घडी घालतो ना, लांबीत एक आणि आडवी एक, त्या आडव्या घडीनं खालचे दोन पदर उलटे होतात. साध्या कापडात कळत नाही, वेलवेटला मात्र लव असते. हात फिरवून बघा, एका बाजूला मऊ सरकतो आणि उलट फिरवला की अडतो. लव वर तोंड करून असली की रंग गडद दिसतो, खाली असली की उजळ. म्हणून आता कापायच्या आधी मागच्या बाजूला खडूनं बाण काढते, आडवी घडी घालतच नाही, एक पदर पसरून पाठ, पुढचे भाग, बाह्या सगळे एकाच दिशेनं कापते, आणि दुसऱ्या बाहीला कागद पलटून ठेवते, नाहीतर दोन्ही बाह्या एकाच हाताच्या होतात (हेही करून झालंय). कापड जास्त लागतं, मी पाव मीटर जादाच आणायला सांगते.

शिवताना वेगळीच कटकट. लवेवर लव आली की वरचा पदर पुढं सरकतो, काखेपासून सुरू केलं तर बाजूच्या शिवणीला खाली बोटभर कापड उरतं. नुसत्या टाचण्यांनी भागत नाही, त्यांच्या मधलं कापड सरकतंच. हातानं कच्चा टाका घालायचा, शिवणीच्या दोन्ही बाजूंना एकेक ओळ घातली तर उत्तम. मशीनच्या दांड्यावरचा स्क्रू सैल करून फुटाचा दाब कमी करते, टाका जरा लांब ठेवते, आणि लव ज्या दिशेला झोपते त्याच दिशेला शिवत जाते. उसवायची वेळ आणू नका, सुईची भोकं आणि चपटलेली रेघ दिसत राहते.

इस्त्रीचं सगळ्यात महत्त्वाचं. सुलट बाजूला इस्त्री टेकवायचीच नाही. टेबलावर वेलवेटचाच उरलेला तुकडा लव वर करून पसरायचा, त्यावर ब्लाउज उलटं, म्हणजे लवेत लव उभी राहते. मग वाफेची इस्त्री बोटभर वर धरून नुसती वाफ द्यायची आणि शिवण बोटांनी उघडायची, आणि पूर्ण गार होईपर्यंत उचलायचं नाही. तुकडा नसेल तर जाड टॉवेल चालतो, पण तितकं जमत नाही.

चुकून दबलंच तर मागून वाफ देऊन मऊ ब्रशनं लव उलटी फिरवून बघा. नुसती झोपली असेल तर उठते. पण बोटाला कडक लागलं आणि काचेसारखं चमकलं तर पॉलिस्टर वितळलंय, ते परत येत नाही. माझ्या एका गळ्यावर तसं झालं होतं, शेवटी त्यावर लेस लावून दिली.