रिव्ह्यू लिहिताय? संदर्भांची कलेक्शन लावताना या चुका टाळा

नागपुरात पर्यावरण किंवा रसायनशास्त्रात पीएचडी करणाऱ्यांपैकी कुणी ना कुणी पिण्याच्या पाण्यातल्या फ्लोराइडवर रिव्ह्यू लिहायला घेतोच. यवतमाळ आणि चंद्रपूर जवळ आहेत, आणि तुरटी-चुन्याची नलगोंडा पद्धत इथल्याच नीरी या संशोधन संस्थेत तयार झाली, त्यामुळे विषय घरचा वाटतो. पेपर भराभर सापडतात, झोटेरो या संदर्भ सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये चारशेच्या आसपास जमतात, आणि मग मुलं विचारतात, "सर, रेफरन्स एक नंबरपासून लावायला घेऊ का?"

नका घेऊ. नंबर लावणं हे तुमचं कामच नाही. आकड्यांची शैली असेल तर मजकुरात ज्या क्रमानं संदर्भ पहिल्यांदा येतात त्या क्रमानं वर्डमधला झोटेरोचा प्लगइन नंबर देतो. लेखक-वर्ष शैली असेल तर यादी अकारविल्हे लागते. कलेक्शनमध्ये कोणता पेपर वर आणि कोणता खाली, याचा त्या यादीशी काडीचा संबंध नाही. तरीही पेपरच्या नावाआधी ००१, ००२ टाकणारे महाभाग दरवर्षी भेटतात. तो आकडा मग थेट छापील यादीत शीर्षकासकट उतरतो.

माझा खरा राग मात्र दुसऱ्या चुकीवर आहे. विषयवार गट पाडायचे म्हटलं की मुलं पेपरचं शीर्षक वाचतात आणि त्यात दिसणाऱ्या पदार्थाच्या किंवा यंत्राच्या नावानं कलेक्शन उघडतात. मागे एका विद्यार्थिनीनं तिची लायब्ररी दाखवली. 'नलगोंडा', 'अॅक्टिव्हेटेड अॅल्युमिना', 'इलेक्ट्रोकोॲग्युलेशन', 'हाडांचा कोळसा', 'आरओ', असे तीसेक गट होते. दिसायला अगदी टापटीप. पण लेख वाचला तर प्रत्येक भागात तेच तेच वाक्य: अमुकांनी एवढं फ्लोराइड काढलं, तमुकांनी तेवढं काढलं. रिव्ह्यूअरनं लिहून पाठवलं की ही यादी आहे, समीक्षा नाही. गाइडनं तेच तिला आधी सांगितलं होतं, पण ते मनावर कोण घेतो!

आम्ही दोघं बसलो आणि पहिल्या तीन गटांचे पेपर पुन्हा उघडले. नलगोंडात तुरटी आणि चुना घातला की अॅल्युमिनियम हायड्रॉक्साइडचा गाळ तयार होतो आणि फ्लोराइड त्यात अडकतं. इलेक्ट्रोकोॲग्युलेशनमध्ये अॅल्युमिनियमचा इलेक्ट्रोड विरघळून तसाच गाळ पाण्यातच बनतो. अॅक्टिव्हेटेड अॅल्युमिनात अॅल्युमिनियम ऑक्साइडच्या पृष्ठभागावर फ्लोराइड चिकटतं. कलेक्शनं तीन, पण खाली रसायन एकच, आणि अडचणीही बऱ्याचशा सारख्या. तिघांनाही पीएच सांभाळावा लागतो. अॅल्युमिनाला साधारण साडेपाच ते सहाच्या आसपासचा, म्हणजे थोडा आम्ल, पीएच मानवतो. शुद्ध केलेल्या पाण्यात अॅल्युमिनियम किती उरतं, हा प्रश्नही तिघांना विचारावा लागतो. नलगोंडात त्याच्या जोडीला तुरटीतून येणारं सल्फेट वाढतं.

मग आम्ही नवे गट प्रश्नांवरून केले: पीएचचा परिणाम, उरलेलं अॅल्युमिनियम, पाण्यातल्या बायकार्बोनेट आणि फॉस्फेटची स्पर्धा, गाळाची विल्हेवाट, गावपातळीवरचा खर्च आणि देखभाल. जुने गट पुसले नाहीत, एका वरच्या कलेक्शनखाली ढकलून ठेवले. आता एकच पेपर तीन-तीन गटांत दिसू लागला आणि ती घाबरली, "सर, डुप्लिकेट झाले!" झाले नव्हते. कलेक्शन म्हणजे कपाटातला कप्पा नव्हे, मोबाईलवरची प्लेलिस्ट आहे. गाणं एकच असतं, याद्या हव्या तेवढ्या. पेपर कुठे-कुठे ठेवलाय ते बघायचं असेल तर तो निवडून विंडोजवर Ctrl, मॅकवर Option दाबून धरा, ती कलेक्शनं उजळतात.

माझी सवय अशी की पेपरला गट देताना त्याच्या नोटमध्ये एक ओळ लिहायची: हा पेपर माझ्या कोणत्या विधानाला आधार देतो. ओळ सुचली नाही तर पेपर गटात जात नाही, Unfiled Items मध्ये पडून राहतो. शेवटी तिथे पन्नास-साठ उरतात. त्यांतले बहुतेक लेखात नकोच असतात. पण मुलांना चारशेचा आकडा सोडवत नाही.

आणि एखाद्या गटात साठ पेपर आणि दुसऱ्यात दोनच असतील तर साठवाला फोडा. दोनवाला मात्र लगेच मोडू नका. गावात बसवलेलं युनिट वर्षभरानं चालतं का, यावर दोनच पेपर सापडले असतील, तर ती उणीव कदाचित तुमच्या रिव्ह्यूचा सगळ्यात मोलाचा परिच्छेद ठरेल.

खरी डुप्लिकेट कुठून येतात तेही सांगतो. लॅबची ग्रुप लायब्ररी असते, त्यातून पेपर ओढून स्वतःच्या My Library मध्ये आणला की दुसरी प्रत तयार होते. मग एक लेखक ग्रुपमधून संदर्भ देतो, दुसरा स्वतःच्या लायब्ररीतून, आणि यादीत तोच पेपर १४ लाही येतो आणि ८७ लाही. Duplicate Items त्या त्या लायब्ररीपुरतंच बघतं, त्यामुळे तिथे हे पकडलं जात नाही. एका लेखासाठी एकच लायब्ररी, हे पहिल्या दिवशी ठरवा. वर्डमध्ये शोधताना पेपर Cited खाली दिसत असेल तर तिथूनच घ्या. उशीर झालाच असेल तर ८७ असलेली प्रत्येक जागा उघडून हातानं बदलण्याला पर्याय नाही. एकाच लायब्ररीतल्या प्रती मात्र Merge करा, एक प्रत डिलीट करू नका. मर्ज केल्यावर वर्डमधला संदर्भ उरलेल्या प्रतीशी जोडलेला राहतो, डिलीट केल्यावर तुटतो.

पेपर गटातून काढताना Remove Item from Collection आणि Move Item to Trash यांतला फरक वाचून क्लिक करा. एवढं वाचायलाही घाई असेल तर काय बोलणार.

मसुदा चालू असताना लेखक-वर्ष शैली ठेवा. नुसत्या [४७] वरून परिच्छेद कुणाच्या जोरावर उभा आहे ते कळत नाही, आणि भाग पुढे-मागे केले की आकडे बदलतात. Document Preferences मधून शैली शेवटी बदलता येते. संदर्भांचा झोटेरोशी दुवा तोडणारं Unlink Citations फक्त फाइलच्या प्रतीवर, सबमिशनच्या दिवशी.

क्रम पक्का करताना तक्ते तपासा. रिव्ह्यूत पद्धतींची तुलना करणारा मोठा तक्ता असतो आणि मुलं तो फाइलच्या शेवटी ठेवतात. प्लगइन फाइलमधल्या जागेप्रमाणे मोजतो, म्हणून फक्त तक्त्यात असलेल्या संदर्भांना सगळ्यात मोठे नंबर मिळतात. व्हँकूव्हर पद्धतीच्या जर्नलांना मात्र मजकुरात तक्त्याचा पहिला उल्लेख जिथे येतो तिथला क्रम हवा असतो. आकडे पक्के होईपर्यंत तक्ता त्या उल्लेखाच्या लगेच खालीच ठेवा. अनलिंक केलेल्या प्रतीत तो खुशाल शेवटी न्या, आकडे हलणार नाहीत.