तिळाचे लाडू मऊ राहण्यासाठी गुळाचा पाक

लाडू दगडासारखे होतात ते पाक पुढे गेल्यामुळे. दोन वाट्या भाजलेल्या तिळांना सव्वा वाटी साधा गूळ घ्या, चिक्कीचा नको. चमचाभर तूप आणि दोन चमचे पाणी घालून मंद आचेवर विरघळवा. फेस आला की दर अर्ध्या मिनिटाला एक थेंब गार पाण्यात टाकून बघा. बोटांनी गोळा करता आला आणि दाबल्यावर चपटा झाला, की लगेच गॅस बंद. थेंब पाण्यात पसरला तर पाक कच्चा, लाडू बसतील. वाटीवर आपटून टण्ण वाजला तर तो चिक्कीचा पाक! कढई तापलेली असते, पाक त्यातही शिजत राहतो, म्हणून तीळ आधीच भाजून हाताशी ठेवा. वळताना मिश्रण सुटायला लागलं तर पाण्याचा हबका मारून किंचित गरम करा.