सत्तावीस टक्के आलेत, जास्त आहेत का? सिमिलॅरिटी रिपोर्ट कसा वाचावा

प्रबंध किंवा लघुप्रबंध साम्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये टाकला, तासाभरात रिपोर्ट आला, आणि वर उजव्या कोपऱ्यात २७ टक्के दिसले की विद्यार्थी तडक ग्रंथालयात येतो. प्रश्न ठरलेला असतो, "मॅडम, जास्त आहेत का?" या प्रश्नाचं उत्तर नुसत्या आकड्यावरून देता येत नाही. २७ टक्के असलेलं काम निर्दोष असू शकतं आणि ९ टक्के असलेलं काम अडचणीत येऊ शकतं. आकडा सांगतो तो इतकाच, की तुमच्या मजकुरातले इतके शब्द दुसरीकडे कुठेतरी याच क्रमाने सापडले. ते तिथे का आहेत, त्यांचा संदर्भ दिला आहे की नाही, हे सॉफ्टवेअरला कळत नाही. ते आपल्याला पाहावं लागतं, आणि त्याची एक रीत आहे.

आधी नियम कोणता लागू होतो ते पाहा

विद्यापीठ अनुदान आयोगाची २०१८ची नियमावली चार पातळ्या सांगते. १० टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर कारवाई नाही. १० ते ४० टक्क्यांच्या दरम्यान असेल तर ठरावीक मुदतीत, जास्तीत जास्त सहा महिन्यांत, सुधारित प्रबंध द्यावा लागतो. ४० ते ६० असेल तर वर्षभर सुधारित प्रबंध देता येत नाही, आणि ६०च्या वर गेलं तर नोंदणीच रद्द होते. निर्णय सॉफ्टवेअर करत नाही, संस्थेची समिती करते. काही विद्यापीठांनी आपापल्या मर्यादा याहून कडक ठेवल्या आहेत, तेव्हा स्वतःच्या विद्यापीठाचं परिपत्रक आधी वाचा.

यातली एक गोष्ट फार जणांना माहीत नसते. ही नियमावली प्रबंध, लघुप्रबंध, शोधनिबंध, पुस्तकं यांच्यासाठी आहे. वर्गातल्या असाइनमेंट, प्रोजेक्ट रिपोर्ट, उत्तरपत्रिका तिने स्पष्टपणे वगळल्या आहेत. बी.कॉम.च्या प्रोजेक्टसाठी "दहाच्या खाली पाहिजे" असा निरोप आला असेल तर तो तुमच्या कॉलेजचा नियम असतो. पाळायचा असतोच, पण ४०च्या वर गेलं म्हणून वर्ष वाया जाईल या भीतीने झोप उडवून घेऊ नका.

नियमावली मोजणीतून काही गोष्टी बाहेरही काढते: रीतसर संदर्भ देऊन उद्धृत केलेला मजकूर, संदर्भसूची, अनुक्रमणिका, प्रस्तावना, ऋणनिर्देश, कायद्यातली कलमं, प्रमाणित सूत्रं, आणि सामान्य माहितीचे किंवा योगायोगाने जुळलेले सलग १४ शब्दांपर्यंतचे तुकडे. रिपोर्ट मात्र हे सगळं धरूनच पहिला आकडा दाखवतो. म्हणून पहिला आकडा पाहून घाबरायचं नाही, आणि खूशही व्हायचं नाही.

फिल्टर लावा, पण प्रामाणिकपणे

एक उदाहरण घेऊ. विषय नागरी सहकारी पतसंस्थांची थकबाकी, भाषा मराठी, लघुप्रबंध २०,००० शब्दांचा. रिपोर्ट २७ टक्के, म्हणजे ५,४०० शब्द जुळले. पुढचं गणित ढोबळ आहे, एकूण शब्दसंख्या तीच धरून केलेलं.

टर्निटिनमध्ये फिल्टरच्या खिडकीत Exclude Bibliography आणि Exclude Quotes असे दोन पर्याय असतात. इतर सॉफ्टवेअरमध्येही अशाच नावांचे सापडतील. पहिला लावला, संदर्भसूचीचे १,८०० शब्द गेले, १८ टक्के उरले. संदर्भसूची जुळणारच, कारण तीच पुस्तकं दहा जणांनी वापरलेली असतात. इथे एक अडचण येते. सॉफ्टवेअर सूची ओळखतं ते मुख्यतः शीर्षकावरून. "संदर्भसूची" किंवा "आधारग्रंथ" हे शब्द त्याला कळतीलच असं नाही. फिल्टर लावूनही आकडा जागचा हलला नाही, तर सूचीची पानं उघडा. ती अजून जुळलेला मजकूर म्हणून रंगलेली असतील तर कारण तेच आहे.

दुसरा फिल्टर लावला, अवतरणांतले ४०० शब्द गेले, १६ टक्के झाले. अवतरणचिन्हं दुहेरी हवीत. मराठीत आपण सवयीने एकेरी चिन्हं टाकतो, आणि ती बहुतेक वेळा धरली जात नाहीत.

मग लहान तुकडे. किमान शब्दांची मर्यादा १५ ठेवली की १४ शब्दांपर्यंतचे तुकडे निघून जातात. "महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० मधील तरतुदीनुसार" असले तुकडे कोणाच्याही लिखाणात जुळतील. आणखी १,००० शब्द गेले, ११ टक्के राहिले. इथे मोह होतो. मर्यादा ४० शब्दांवर नेली की आकडा झपकन खाली येतो, आणि खरी उचललेली वाक्यंही त्यात लपतात. कोणते फिल्टर लावले ते रिपोर्टवर दिसतं. समितीतल्या माणसाने पाहिलं की उलट प्रश्न वाढतात.

टक्के सोडा, स्रोतांची यादी उघडा

आता खरं वाचन सुरू होतं. उजवीकडे स्रोतांची यादी असते, सगळ्यात मोठा सर्वांत वर. ११ टक्के म्हणजे २,२०० शब्द, ते कुठून कुठून आले ते पाहू.

परिशिष्टात सहकार कायद्याच्या कलम १०१चा, म्हणजे वसुली दाखल्याचा, मजकूर आहे आणि सोबत एक आधीच प्रकाशित झालेली प्रश्नावली आहे. दोन्ही मिळून ८०० शब्द. हे कोणत्याच फिल्टरने आपोआप जात नाही. यंत्राने ११ दाखवले तरी कायद्याचा मजकूर नियमाने वगळता येतो आणि प्रश्नावलीच्या जागी मूळ स्रोताचा उल्लेख आहे, हे मार्गदर्शकांना लेखी सांगावं लागतं. ते मान्य झालं तर ७ टक्के.

या ७ टक्क्यांत, म्हणजे १,४०० शब्दांत, ५०० शब्द संशोधनपद्धतीच्या प्रकरणात सात-आठ स्रोतांत विखुरलेले आहेत, दोन ओळी इथे, तीन तिथे. "प्राथमिक माहिती प्रश्नावलीद्वारे संकलित करण्यात आली" हे वाक्य महाराष्ट्रातल्या निम्म्या प्रबंधांत असेल. त्याची फार काळजी नको.

उरलेले ९०० शब्द मात्र एकाच स्रोताचे आहेत, शोधगंगेवरच्या एका जुन्या प्रबंधाचे, आणि सगळे दुसऱ्या प्रकरणात सलग. हा एकूण साडेचार टक्क्यांचा मामला आहे, दहाच्या आतला. तरी माझ्या मते या रिपोर्टमधली खरी अडचण हीच आहे. अनुभवी परीक्षक आकडा पाहून थांबत नाही. तीन पानं एकाच रंगात रंगलेली दिसली की तो मूळ प्रबंध उघडतो.

रंगलेला परिच्छेद जवळून पाहा

समजा मूळ वाक्य असं आहे: "थकबाकी वाढण्यामागे कर्जदाराची ऐपत न तपासता केवळ जामीनदारांच्या भरवशावर केलेले कर्जवाटप हे प्रमुख कारण असल्याचे दिसून येते." विद्यार्थ्याचं वाक्य: "थकबाकीत वाढ होण्यामागे कर्जदाराची ऐपत न पाहता केवळ जामीनदारांच्या भरवशावर केलेले कर्जवाटप हे महत्त्वाचे कारण असल्याचे आढळून येते."

चारदोन शब्द बदलले, सांगाडा तोच. रिपोर्टमध्ये असं वाक्य तुटक रंगतं: रंग, मध्ये एखादा पांढरा शब्द, पुन्हा रंग. असे पांढरे ठिपके असलेले परिच्छेद दिसले की समजावं, समोर मूळ उघडं ठेवून लिहिलंय. बऱ्याच विद्यार्थ्यांना खरोखर वाटतं की शब्द बदलले म्हणजे आपलं झालं. वाक्याखाली संदर्भ असला तरी हे चालत नाही, कारण शब्दरचना दुसऱ्याची आहे आणि अवतरणचिन्हं नाहीत.

दुरुस्तीसाठी मूळ प्रबंध बंद करा. त्या संशोधकाचं म्हणणं काय होतं आणि तुमच्या पाहणीत त्याबद्दल काय सापडलं, एवढंच लिहा: "ऐपतीची तपासणी ढिली असली की थकबाकी साचते, असे अमुक (२०१५) यांचे म्हणणे आहे. या अभ्यासातील तीन पतसंस्थांमध्ये मात्र कागदपत्रे पूर्ण होती. हप्ते थकले ते उसाची बिले उशिरा मिळाल्यामुळे." आता संदर्भही आहे आणि वाक्यात तुमचं काहीतरी आहे. मूळ शब्दच हवे असतील, एखादी व्याख्या असेल, तर दुहेरी अवतरणात जशीच्या तशी द्या आणि पान क्रमांक टाका.

समानार्थी शब्द भरत बसणं, अक्षरांच्या जागी तशीच दिसणारी परकी अक्षरं टाकणं, पांढऱ्या रंगात चिन्हं लपवणं, हे करू नका. टर्निटिनसारखी सॉफ्टवेअर लपवलेल्या मजकुराला वेगळी खूण लावतात, आणि मग नकळत झालं म्हणायलाही जागा उरत नाही.

आकडा फारच कमी आला तर

मराठी प्रबंधांत हा प्रकार सर्रास दिसतो. श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेली फाइल टाकली की सॉफ्टवेअरला देवनागरी दिसतच नाही, रोमन अक्षरांचा काला दिसतो. तो कशाशी जुळणार? रिपोर्ट येतो शून्य किंवा एक टक्का. तपासायचं असेल तर पीडीएफमधली एक ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. देवनागरी आली तर ठीक. `egkjk"Vª` असं काही आलं तर रिपोर्टला अर्थ नाही. मजकूर युनिकोडमध्ये बदलून, जोडाक्षरं तपासून, पुन्हा टाका. स्कॅन केलेल्या पानांचंही तेच.

इंग्रजी लेखाचं मराठी भाषांतर करून आपलं म्हणून दिलेलं बहुतेकदा रिपोर्टमध्ये दिसत नाही. वाङ्मयचौर्य तेही आहेच, आणि विषयाचा जाणकार परीक्षक ते ओळखतो.

पुन्हा अपलोड करताना

पहिल्या वेळी फाइल सॉफ्टवेअरच्या संग्रहात साठवली गेली असेल तर सुधारित प्रत तिच्याशीच जुळते आणि आकडा एकदम नव्वदच्या घरात जातो. यादीत सर्वांत वर तुमच्याच संस्थेच्या नावाने विद्यार्थ्याचा पेपर दिसला की हेच झालंय. ग्रंथालयात सांगा, तो स्रोत वगळून रिपोर्ट काढता येतो. कच्चा मसुदा तपासतानाच संग्रहात न ठेवण्याचा पर्याय निवडायला सांगितला तर हा घोळ टळतो. प्रबंधातूनच काढलेला तुमचा स्वतःचा शोधनिबंध जुळत असेल तर तो कुठे, कधी छापला याचा उल्लेख प्रबंधात करा आणि मार्गदर्शकांचं तसं पत्र जोडा.

मार्गदर्शकांकडे जाताना रिपोर्टची पूर्ण प्रत न्या, फक्त पहिलं पान नको. सोबत अर्ध्या पानाचं टिपण: कोणते फिल्टर लावले, परिशिष्टातले किती शब्द कायद्याचे आणि प्रश्नावलीचे, दुसऱ्या प्रकरणातली कोणती पानं नव्याने लिहिली.