फोटोतली विरळ भुवई भरताना

सोलापुरात लग्नसराई लागली की आमच्या स्टुडिओत अल्बमच्या फोटोंवर भुवयांचं काम हमखास येतं. रिटचिंग शिकायला आलेली मुलं बहुतेक वेळा त्वचेपासून सुरुवात करतात. माझं मत असं की भुवईवर आधी हात बसवावा, कारण त्वचेवर थोडं कमीजास्त झालं तर खपून जातं, भुवई बिघडली तर घरच्यांना चेहराच परका वाटतो. एका नवरीच्या आईनं मला सांगितलं होतं, "भुवई भरा, पण ती आमचीच पोरगी दिसली पाहिजे बघा." काम नेमकं काय आहे, ते यात सगळं आलं.

त्याच फोटोवरून सांगते. कमरेपर्यंतचा फोटो, चेहरा थोडा वळलेला, उजेड एका खिडकीतून. कॅमेऱ्याजवळची भुवई भरघोस, पलीकडची मात्र मधल्या उंचवट्यानंतर विरळ होत गेलेली, आणि शेपटाजवळून मुंडावळ्यांची सर खाली उतरलेली.

सगळ्यांना पहिल्यांदा सुचतं ते म्हणजे चांगली भुवई कॉपी करून उलटी चिकटवायची. फोटोशॉपमध्ये ते मिनिटभराचं काम आहे: Lasso ने निवडायची, Ctrl+J, मग Edit > Transform > Flip Horizontal. पण वळलेल्या चेहऱ्यावर पलीकडची बाजू आखूड दिसते, त्यामुळे ही भुवई कानाच्या दिशेनं लांब पडते. शिवाय खिडकीचा उजेडही तिच्याबरोबर उलटून येतो, म्हणजे सावलीतल्या कपाळावर चकाकणारे केस. आणि तोच एक वळलेला केस दोन्हीकडे दिसला की फसवणूक उघडी पडते.

म्हणून ही उलटी भुवई मी फक्त आराखडा म्हणून वापरते. लेअरची Opacity साधारण ३० टक्के ठेवायची आणि Ctrl+T घेऊन ती रुंदीला दाबायची. कितपत दाबायची हे चेहराच सांगतो. त्याच बाजूच्या नाकपुडीच्या कडेवरून डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यातून रेघ वर न्या. शेपूट साधारण त्या रेघेवर संपतं. सुरुवात नाकपुडीच्या जवळपास सरळ वर. ही मापं अंदाजाचीच. मूळ केस त्यापासून थोडे हटून असतील तर केसांचं ऐकायचं, रेघेचं नाही.

आता खरं काम. नवीन लेअरवर आधी मऊ ब्रशनं, सावलीतल्या त्वचेपेक्षा थोडा गडद तपकिरी रंग अगदी हलका मारायचा, १० ते १५ टक्के. विरळ जागेतून दिसणारी उजळ त्वचा त्यानं दबते. त्यावर दुसऱ्या लेअरवर एकेक केस. ब्रश किती जाड हे पुस्तकातून ठरवू नका. १०० टक्के झूम करून शेजारचा खरा केस किती पिक्सेलचा आहे ते बघा. या फोटोत तो दोन-तीन पिक्सेलचा होता. पेन टॅबलेट असेल तर Shape Dynamics मध्ये Pen Pressure लावा, म्हणजे केस टोकाला निमुळता होतो. माऊस असेल तर तिथेच Fade निवडा.

केसांची दिशा चुकली तर बाकीचं सगळं वाया जातं. नाकाकडचे केस जवळजवळ उभे असतात, मध्यावर ते बाहेर झुकतात, आणि शेपटाकडे वरच्या कडेचे केस खाली तर खालच्या कडेचे वर येऊन एकमेकांत मिसळतात. हे मिसळणं रेखाटलं नाही तर शेपूट काजळाच्या रेघेसारखं दिसतं. रंग शेजारच्या केसावरून Alt दाबून उचला, शुद्ध काळा घेऊ नका. छपाईत त्याचा डाग होतो. अधेमधे त्वचा दिसू द्या, लांबी कमीजास्त ठेवा. मुंडावळीच्या मण्यांवर केस चढले तर केसांच्या लेअरला मास्क लावून त्यावर तेवढा भाग काळ्या ब्रशनं झाका.

काढलेले केस फोटोपेक्षा जास्त धारदार दिसतात. त्यांना अर्धा पिक्सेलभर Gaussian Blur आणि मूळ फोटोइतकाच बारीक Noise द्या. मग आराखड्याचा लेअर बंद करून Image > Image Rotation > Flip Canvas Horizontal करा. रोज बघून सवयीचा झालेला चेहरा उलटला की तिरपी भुवई लगेच खटकते. फोटो लहान करूनही बघा: नजर आधी डोळ्यांवर न जाता भुवईवर गेली, तर केसांच्या लेअरची Opacity उतरवा.

भुवईतला जुना व्रण मात्र विचारल्याशिवाय भरू नका. आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या छोट्या फोटोत खरे केसच सुटे दिसत नसतील, तर तिथे एकेक केस काढू नका. फक्त तो हलका तपकिरी थर द्या आणि थांबा.